प्रमाणपत्रातले दोन आकडे आणि वेळापत्रकाची शेवटची ओळ

माझे गृहकर्ज ३० लाख रुपयांचे, १५ वर्षे मुदतीचे आणि बदलत्या व्याजदराचे आहे. पहिला हप्ता एप्रिल २०२१ मध्ये गेला, तेव्हा रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्के होता. करारात ‘रेपो दर अधिक ३ टक्के’ असे लिहिलेले असल्यामुळे माझा दर ७ टक्के ठरला आणि मासिक हप्ता २६,९६५ रुपये बसला. कर्जाच्या कागदपत्रांसोबत बँकेने परतफेडीचे वेळापत्रक, म्हणजेच अमॉर्टायझेशन शेड्यूल दिले. त्यात १८० ओळी होत्या आणि शेवटच्या ओळीवर मार्च २०३६ ही तारीख होती. हे वेळापत्रक आणि दरवर्षी मिळणारे व्याजाचे प्रमाणपत्र शेजारी शेजारी ठेवून कर्ज खरोखर कुठवर आले आहे हे पाहण्याची सवय मी सुरुवातीपासून ठेवली. त्या सवयीतून दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी जे हाती आले, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

वेळापत्रकाची एक ओळ नीट समजली की सगळ्या समजतात. पहिल्या ओळीत सुरुवातीची शिल्लक ३०,००,००० रुपये होती. तिच्यावर ७ टक्क्यांनी एका महिन्याचे व्याज १७,५०० रुपये होते. हप्त्यातून ते वजा केल्यावर उरलेले ९,४६५ रुपये मुद्दलात जमा होतात आणि २९,९०,५३५ रुपये शिल्लक पुढच्या ओळीत जाते. दुसऱ्या महिन्याचे व्याज या कमी झालेल्या शिल्लकेवर लागते, म्हणून ते १७,४४५ रुपये होते, आणि व्याजात वाचलेले ५५ रुपये मुद्दलाच्या वाट्याला येतात. हप्ता तोच राहतो. त्याच्या आतली वाटणी मात्र दरमहा थोडी थोडी मुद्दलाकडे झुकत जाते. माझ्या वेळापत्रकात मुद्दलाचा वाटा व्याजापेक्षा प्रथमच मोठा दिसतो तो ६२ व्या ओळीत, म्हणजे पाच वर्षे उलटल्यावर. मात्र हे सगळे एका गृहीतकावर उभे आहे: दर पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत ७ टक्केच राहील. कागदाच्या माथ्यावर दर आणि तारीख छापलेली असते, आणि वेळापत्रक वाचताना सर्वांत आधी पाहायची जागा माझ्या मते तीच आहे.

व्याजाच्या प्रमाणपत्रात याच्या उलट, जे प्रत्यक्ष घडले त्याची नोंद असते. एप्रिल ते मार्च या आर्थिक वर्षात खात्यात जमा झालेल्या रकमेपैकी व्याजात किती गेले आणि मुद्दलात किती, हे दोन आकडे हाच त्याचा गाभा. वर्षाच्या सुरुवातीला मिळते ते प्रोव्हिजनल, म्हणजे अंदाजी प्रमाणपत्र. त्या दिवशीचा दर आणि सगळे हप्ते वेळेवर भरले जातील असे धरून ते तयार केलेले असते. नोकरदार मंडळी नोकरीच्या ठिकाणी करकपातीसाठी देतात ते बहुधा हेच. कर्जाचा माग ठेवण्यासाठी मात्र ते निरुपयोगी आहे, कारण तेही एक भाकीतच असते. ३१ मार्चनंतर मिळणारे अंतिम प्रमाणपत्र तेवढे कामाचे.

पहिल्या वर्षाचे, म्हणजे २०२१-२२ चे अंतिम प्रमाणपत्र आले तेव्हा मी तीन गोष्टी जुळवून पाहिल्या. व्याज २,०६,२८४ रुपये आणि मुद्दल १,१७,२९६ रुपये, मिळून ३,२३,५८० रुपये; १२ हप्त्यांची बेरीजही तेवढीच भरते. मूळ कर्जातून मुद्दल वजा केल्यावर २८,८२,७०४ रुपये येतात, आणि खातेउताऱ्यात ३१ मार्च २०२२ ची शिल्लक तीच होती. तिसरे म्हणजे वेळापत्रकाच्या पहिल्या १२ ओळींतील व्याजाची बेरीज प्रमाणपत्राशी जुळत होती. यातील पहिली जुळणी कधी कधी बसत नाही आणि त्याची कारणे बहुधा साधी असतात. मार्चचा हप्ता सुटीमुळे एप्रिलमध्ये वळता झालेला असतो आणि प्रमाणपत्रात ११ च हप्ते आलेले असतात. किंवा एखादा हप्ता परत गेल्याने लागलेला दंड भरणाऱ्याच्या हिशेबात असतो, पण तो ना मुद्दल असतो ना प्रमाणपत्रात धरलेले व्याज. खातेउतारा काढून तारखा पाहिल्या की कोडे सुटते. ज्या बँका रोजच्या शिल्लकेवर व्याज आकारतात त्यांच्याकडे महिन्याच्या दिवसांप्रमाणे थोडा फरक पडतो. त्याची काळजी करू नये.

दुसरे वर्ष वेगळे होते. मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर वाढवायला सुरुवात केली आणि ८ फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर नेला. माझ्या करारात दर तीन महिन्यांनी दराची फेरनिश्चिती होते. त्यानुसार माझा दर जुलैत ७.९०, ऑक्टोबरमध्ये ८.९० आणि जानेवारी २०२३ मध्ये ९.२५ टक्के झाला. या सगळ्या काळात खात्यातून दरमहा २६,९६५ रुपयेच जात होते. बँकेचे संदेश येत होते, पण त्यांत नवा दर तेवढा असे. मुदतीबद्दल अक्षर नसे.

२०२२-२३ चे अंतिम प्रमाणपत्र हाती आले तेव्हा त्यात व्याज २,३४,०५१ रुपये आणि मुद्दल ८९,५२९ रुपये होते. बेरीज पुन्हा ३,२३,५८०, म्हणजे त्या बाजूने काहीच बिघडलेले नव्हते. मूळ वेळापत्रकातील १३ ते २४ या ओळींची बेरीज मात्र व्याजासाठी १,९७,८०५ आणि मुद्दलासाठी १,२५,७७५ रुपये होती. ३६,२४६ रुपये एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात गेले होते. हप्ता तोच राहिल्यास व्याजाचा वार्षिक आकडा दरवर्षी उतरलाच पाहिजे, कारण शिल्लक उतरते. तो मागच्या वर्षापेक्षा वर गेला, तर दर वाढला आहे आणि वाढीची भरपाई मुद्दलाच्या वाट्यातून चालली आहे, याची दुसरी खूण शोधण्याची गरज नाही. लागोपाठच्या दोन वर्षांची प्रमाणपत्रे शेजारी ठेवली, तर वेळापत्रक हाताशी नसतानाही एवढे कळते.

हे प्रमाणपत्र केवळ आयकरासाठी वापरणाऱ्याला मात्र हा बदल दिसत नाही, आणि या भागाचे मला सर्वांत आश्चर्य वाटते. जुन्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील व्याजाची तेव्हाच्या कलम २४ खालील वजावट २ लाख रुपयांवर थांबत असे. पहिल्या वर्षीचे २,०६,२८४ आणि दुसऱ्या वर्षीचे २,३४,०५१ हे दोन्ही आकडे विवरणपत्रात २,००,००० म्हणूनच उमटले. मुद्दलाचा आकडा तेव्हाच्या कलम ८०सी खाली जात असे, जेथे दीड लाखाच्या मर्यादेत भविष्य निर्वाह निधी आणि विम्याचे हप्ते आधीच बसलेले असत. त्यामुळे मुद्दल एक लाख सतरा हजारांवरून एकोणनव्वद हजारांवर आले तरी करात फरक पडतोच असे नाही. कर सल्लागार आपले काम चोख करतो, विवरणपत्र बिनचूक भरले जाते, आणि कर्ज मागे पडल्याची खूण त्या मर्यादांच्या आड राहून जाते.

मुद्दलाचा वाटा घटला तर मुदत किती लांबली, हा पुढचा प्रश्न. एप्रिल २०२३ पासून दर ९.५० टक्के झाला होता आणि शिल्लक २७,९३,१७५ रुपये होती. उरलेल्या हप्त्यांची संख्या स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत निघते:

```
=NPER(9.5%/12, -26965, 2793175)
```

उत्तर २१७.५ आले, म्हणजे २१८ हप्ते. मूळ वेळापत्रकाप्रमाणे त्या दिवशी १५६ उरायला हवे होते. दोन वर्षे एकही हप्ता न चुकवता भरल्यावर कर्जाचा शेवट मार्च २०३६ वरून मे २०४१ वर गेला होता, आणि त्या वाढीव हप्त्यांची रक्कम सुमारे साडेसोळा लाख रुपये होत होती. सूत्र न वापरताही अंदाज बांधता येतो: त्या एप्रिलच्या हप्त्यात व्याज २२,११३ रुपये आणि मुद्दल ४,८५२ रुपये होते, तर पहिल्याच हप्त्यात मुद्दल ९,४६५ रुपये होते. दोन वर्षांनी मुद्दलाचा वाटा वाढण्याऐवजी निम्म्यावर आला असेल, तर मुदत मोठी लांबली आहे हे उघड आहे.

मी बँकेच्या संकेतस्थळावरून नवे वेळापत्रक उतरवून घेतले. ते पाहून कोणालाही शंका येणार नाही इतके ते नीटनेटके होते. एप्रिल २०२३ ही त्यातली पहिली ओळ, मे २०४१ ही शेवटची; मधल्या प्रत्येक ओळीत व्याज उतरते, मुद्दल चढते आणि शेवटी शिल्लक शून्य होते. आधीचा शेवट मार्च २०३६ होता, हे त्या कागदावर कोठेही नव्हते. दराची फेरनिश्चिती झाली की संकेतस्थळावर जुन्या वेळापत्रकाची जागा नवे घेते आणि जुने तेथे पुन्हा मिळत नाही. माझ्याकडे मंजुरीच्या वेळची छापील प्रत असल्यामुळे तुलना शक्य झाली. तेव्हापासून प्रत्येक फेरनिश्चितीनंतर वेळापत्रक उतरवून त्याच्या फाइलच्या नावात तारीख आणि दर लिहून ठेवतो.

मे महिन्यात शाखेत गेलो. कर्ज विभागातील बाई सौजन्याने वागल्या, पण त्यांचा पहिला प्रश्न असा होता, “सर, हप्ता तर वाढलेला नाही ना? मग अडचण काय आहे?” मी दोन्ही वेळापत्रकांची शेवटची पाने त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी तारखा पाहिल्या, संगणकावर खाते उघडले आणि म्हणाल्या, “दर वाढला की सिस्टीम आपोआप मुदत वाढवते. हप्ता वाढवून हवा असेल तर अर्ज द्यावा लागेल.” त्यांच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती, हप्ता वाढल्यास ग्राहक तक्रार घेऊन येतात आणि मुदत वाढल्यास येत नाहीत, म्हणून यंत्रणा तशी ठरवलेली असावी, असे मला वाटते. त्यांनी मला दोन पर्याय मोजून दिले. एप्रिल आणि मेचे हप्ते जुन्याच रकमेचे गेल्यावर शिल्लक २७,८३,४३२ रुपये राहणार होती. मार्च २०३६ हा मूळ शेवट कायम ठेवायचा तर जूनपासून १५४ हप्ते हाती होते आणि त्यासाठी हप्ता ३१,३४० रुपये करावा लागला असता. दुसरा मार्ग म्हणजे काही रक्कम एकदम भरून शिल्लक उतरवायची आणि हप्ता त्यामानाने कमी वाढवायचा. मी २ लाख रुपये भरले. हप्ता २९,०८९ रुपये ठरला. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड घेता येत नाही, त्यामुळे त्यासाठी वेगळा खर्च आला नाही.

एकरकमी भरणा करताना अर्जात दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या. पहिली, रक्कम मुद्दलात जमा करावी, पुढच्या हप्त्यांपोटी आगाऊ म्हणून ठेवू नये. दुसरी, नवा हप्ता अमुक रुपयांचा आणि शेवटचा हप्ता मार्च २०३६ चा असावा. नुसते ‘अंशतः परतफेड’ असे लिहिले असते, तर हप्ता कमी करायचा की मुदत, हे बँकेने आपल्या पद्धतीने ठरवले असते. नंतर उतारा काढून पाहिले, तेव्हा २ लाखांची नोंद भरल्याच्याच तारखेला होती आणि जूनच्या हप्त्यातील व्याज २०,४५२ रुपये, म्हणजे २५,८३,४३२ रुपयांच्या शिल्लकेवरचे होते. भरणा योग्य जागी गेला की नाही, हे पुढच्याच हप्त्यातील व्याजावरून असे लगेच ताडता येते.

२०२३-२४ चे प्रोव्हिजनल प्रमाणपत्र मी एप्रिलमध्येच घेऊन ठेवले होते. त्यात व्याज २,६२,७४८ आणि मुद्दल ६०,८३२ रुपये होते. वर्षअखेरीच्या अंतिम प्रमाणपत्रात व्याज २,४५,५६६ आणि मुद्दल २,९९,२५४ रुपये आले. या मुद्दलाच्या आकड्यात एकरकमी भरलेले २ लाख मिसळलेले होते, आणि प्रमाणपत्रात ते वेगळे दाखवलेले नव्हते. कर्जाची नेहमीची चाल पाहायची तर ते बाजूला काढले पाहिजेत: हप्त्यांतून फिटलेले मुद्दल ९९,२५४ रुपये होते. तसे न करता पुढच्या वर्षीच्या आकड्याशी तुलना केली, तर पुढच्या वर्षी परतफेड अचानक मंदावल्यासारखी वाटेल.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात आली, जी मला आधी कोणी सांगितली असती तर बरे झाले असते. ३१ मार्च २०२४ ला माझी शिल्लक २४,९३,९२१ रुपये होती, तर मूळ वेळापत्रकात त्या तारखेला २६,२२,०६२ रुपये छापलेली होती. आकडा पाहून मी सव्वा लाखाहून अधिक पुढे आहे असे वाटते. प्रत्यक्षात मी मूळ तारखेच्या एक दिवसही पुढे नव्हतो. मोठा हप्ता भरूनही शेवट मार्च २०३६ हाच होता. दर वाढल्यावर त्याच मुदतीत तेवढीच शिल्लक फेडायला जास्त पैसे लागतात, म्हणून वेगवेगळ्या दरांखालच्या शिल्लका एकमेकींशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो. दर बदलला असेल तेव्हा तुलना उरलेल्या हप्त्यांची करावी आणि ती त्या दिवशीचा दर, शिल्लक आणि हप्ता घालून स्वतः काढावी.

दरम्यान १८ ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढले. दराची फेरनिश्चिती होताना कर्जदाराला हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे किंवा दोन्हींचा मेळ घालणे यांतून निवड करू द्यावी, आणि दर तिमाहीला वसूल झालेले मुद्दल व व्याज, हप्ता, उरलेल्या हप्त्यांची संख्या आणि वार्षिक दर दाखवणारे विवरण द्यावे, असे त्यात सांगितले आहे. माझे तिमाही विवरण आता संकेतस्थळावर असते. मी त्यातील उरलेल्या हप्त्यांची संख्या पाहतो आणि ती NPER च्या उत्तराशी ताडतो. दोघांत एका हप्त्याचा फरक चालतो. शेवटचा हप्ता अपुरा असला की तेवढा पडतोच.

२०२५ मध्ये वारे उलटे फिरले. फेब्रुवारी, एप्रिल आणि जूनमध्ये मिळून रेपो दर ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आला. दर उतरतानाही तपासणी तीच करावी लागते, फक्त या वेळी कपात पूर्ण पोहोचली का हे पाहायचे असते. माझ्या करारातील ३ टक्क्यांची भर कायम आहे, म्हणून दर एप्रिलपासून ९.२५ आणि जुलैपासून ८.५० टक्के असायला हवा होता. जुलैच्या हप्त्यापूर्वी शिल्लक २३,४४,२०७ रुपये होती, ८.५० टक्क्यांनी तिचे महिन्याचे व्याज १६,६०५ रुपये होते आणि उताऱ्यात तेवढेच निघाले. दर कमी झाल्याने हप्ता कमी करून हवा आहे का, अशी विचारणा बँकेने केली होती. हप्ता २९,०८९ रुपयेच ठेवावा, असे मी लेखी कळवले. त्यानंतर उतरवलेल्या वेळापत्रकात १२० ओळी आहेत आणि शेवटच्या ओळीवर जून २०३५ अशी तारीख आहे. मूळ वेळापत्रकापेक्षा नऊ हप्ते कमी.